लेबलाचा फोटो ते फवारणी पंप : औषधाचे माप कसे काढावे?



सुरू उसाची लागण आटोपली आणि ऊन तापू लागले की आपल्या कार्यक्षेत्रात खोडकीड दिसू लागते. उसाचा मधला पोंगा वाळतो, ओढला तर सहज हातात येतो आणि त्याला कुजकट वास येतो. यालाच आपण पोंगेमर म्हणतो. मग दुकानातून औषध येते, आणि पंप पाठीवर घेण्याआधी गडी विचारतो, "एका पंपाले किती टोपणं टाकू जी?"

हाच प्रश्न नागपूरला सदरमधील आमच्या ऊस विकास कक्षाकडे रोज येतो. हल्ली सभासद मोबाईलवर बाटलीचा फोटो काढून पाठवितात आणि खाली एवढेच लिहितात, "साहेब, माप सांगा." फोटो पाठविण्याची ही सवय चांगली आहे. आमच्या सांगण्यापेक्षा लेबलावर छापलेले जास्त खरे असते. परंतु लेबलावर टोपणाचे किंवा पंपाचे माप नसते. तेथे दर हेक्टरी औषध आणि दर हेक्टरी पाणी दिलेले असते. हेक्टरवरून पंपापर्यंत यायचा हिशेब आपला आपणच करावा लागतो. तो कसा करावा आणि करताना अंगाला इजा होऊ नये म्हणून काय पाळावे, ते एका बाटलीचे उदाहरण घेऊन येथे सांगत आहोत.

फोटो कशाचा काढावा?

पुष्कळ सभासद बाटलीच्या फक्त दर्शनी भागाचा फोटो पाठवितात. त्यात कंपनीचे नाव मोठे दिसते, पण मापासाठी जे हवे ते बहुधा मागच्या बाजूला किंवा सोबतच्या घडीच्या माहितीपत्रकात असते. म्हणून चार फोटो काढावेत. पहिला औषधाचे मूळ नाव व टक्केवारी दिसेल असा, दुसरा रंगीत त्रिकोणाचा, तिसरा पिकांच्या तक्त्याचा, आणि चौथा बॅच नंबर व वापराची शेवटची तारीख यांचा.

बाटली गोल असल्यामुळे तक्त्याच्या कडेचे रकाने फोटोत वाकडे येतात किंवा सुटूनच जातात. माहितीपत्रक असेल तर ते सपाट पाटावर पसरून, सावलीत, फ्लॅश न लावता फोटो काढावा. फ्लॅशने चकचकीत कागदावर पांढरा डाग पडतो, आणि तो नेमका आकड्यावर पडला की हिशेब बिघडतो. पत्रक नसेल तर बाटली थोडीथोडी फिरवून तीन फोटो घ्यावेत. फोटो मोठा करून पाहताना बोट पिकाच्या नावावर ठेवून ओळ सरळ उजवीकडे न्यावी. धान, कापूस, ऊस यांच्या ओळी एकाखाली एक असतात आणि एक ओळ वर-खाली सरकली की दुसऱ्याच पिकाचे माप हाती येते.

शेजाऱ्याच्या बाटलीचा फोटो पुढे पाठवून त्यावर हिशेब करू नये. औषधाचे नाव एकच असले तरी टक्केवारी वेगळी असू शकते. फोटो आपल्या हातातल्या बाटलीचाच हवा.

तक्ता वाचताना

उदाहरणासाठी उसाच्या खोडकिडीवर वापरले जाणारे क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ टक्के एससी हे औषध घेऊ. त्याच्या तक्त्यात उसासमोर खोडकीड व शेंडेकीड यांच्यासाठी असे आकडे आहेत : मूळ द्रव्य ७५ ग्रॅम, औषध ३७५ मिली, पाणी १००० लिटर, आणि शेवटी २०८ दिवस. पहिले तिन्ही आकडे दर हेक्टरी आहेत.

येथे गडबड होते ती पहिल्या दोन रकान्यांत. ७५ हा आकडा बाटलीतून मोजून घ्यायचा नाही. बाटलीतील द्रवात कीड मारणारे जे खरे द्रव्य आहे त्याचे ते वजन आहे. बाकीचे त्याला पाण्यात मिसळण्याजोगे करणारे पदार्थ असतात. मापायचे असते ते दुसऱ्या रकान्यातील औषध, म्हणजे ३७५ मिली. ज्याने ७५ मिली घेतले त्याने पाचवा हिस्साच औषध टाकले असे होईल. कीड मरणार नाही आणि दोष औषधाला लागेल.

हेच मूळ द्रव्य ०.४ टक्के दाणेदार स्वरूपातही मिळते. उसासाठी त्याचे प्रमाण हेक्टरी १८.७५ किलो आहे. आता १८.७५ किलोचे ०.४ टक्के काढून पाहा, तेही ७५ ग्रॅमच येतात. मूळ द्रव्य दोन्हीकडे तेवढेच, फक्त ते वाहून नेणारा माल कमी-जास्त. टक्केवारी पाहिल्याशिवाय माप सांगता येत नाही ते यासाठीच.

याचा दुसरा उपयोग असा की फोटोतला आकडा पुसट असेल तर तो पडताळून पाहता येतो. या औषधाच्या एका लिटरमध्ये सुमारे २०० ग्रॅम मूळ द्रव्य असते. (टक्केवारी वजनावर असते आणि या द्रवाचा लिटर किलोपेक्षा थोडा जड भरतो, म्हणून १८.५ टक्के असूनही लिटरला २०० ग्रॅम येतात.) तेव्हा ३७५ मिलीत ७५ ग्रॅम, हे जुळते. कोणी पुसट ३ ला ८ वाचून ८७५ मिली म्हटले तर त्यात १७५ ग्रॅम येतील, ते पहिल्या रकान्याशी जुळणार नाही. आकडे जुळले नाहीत तर अंदाज न करता पुन्हा फोटो काढावा किंवा बाटली घेऊन यावी.

हेक्टरवरून पंपावर

हिशेब दोन पायऱ्यांचा आहे. आधी एका लिटर पाण्याला किती औषध ते काढावे, मग त्याला पंपाच्या लिटरने गुणावे.

हेक्टरी औषध ३७५ मिली ÷ हेक्टरी पाणी १००० लिटर = लिटरला ०.३७५ मिली.

लिटरला ०.३७५ मिली × पंप १६ लिटर = एका पंपाला ६ मिली.

आपला पंप १५ लिटरचा असेल तर ५.६ मिली आणि २० लिटरचा असेल तर ७.५ मिली येईल. पंप किती लिटरचा हे बाहेरच्या छापावरून धरू नये. एकदा लिटरच्या मापाने साधे पाणी भरून पाहावे आणि जेथे १६ लिटर पुरे होतात तेथे पक्क्या रंगाची खूण करावी.

६ मिली म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्याहून थोडे जास्त. इतके कमी माप टोपणाने घेताच येत नाही. कोणत्या बाटलीचे टोपण पाच मिलीचे, कोणत्याचे पंधराचे, आणि गडी ते कधी काठोकाठ भरतो, कधी अर्धे. औषधासोबत मापाचा पेला आला असेल तर तो वापरावा, नाहीतर सुई नसलेली १० मिलीची इंजेक्शनची नळी दुकानातून घ्यावी. तिच्यावर लाल रंगाची पट्टी गुंडाळून ती फक्त औषधासाठीच ठेवावी व कुलपात ठेवावी. घरातला चमचा किंवा वाटी या कामाला कधीही घेऊ नये.

साठ आर उसाचा पूर्ण हिशेब

आता एक शेत घेऊ. सातबाऱ्यावर क्षेत्र ०.६० हेक्टर, म्हणजे ६० आर, आपल्या बोलीत दीड एकर. ऊस चार फुटी सरीवर आहे. प्रत्येक सरी ५० मीटर लांब आणि अशा १०० सऱ्या आहेत. चार फूट म्हणजे १.२ मीटर, तेव्हा एका सरीचे क्षेत्र ६० चौरस मीटर, आणि १०० सऱ्यांचे ६००० चौरस मीटर, म्हणजे ६० आर. सातबारा आणि सऱ्या जुळल्या.

औषध लागेल ०.६० × ३७५ = २२५ मिली. पाणी लागेल ०.६० × १००० = ६०० लिटर. सोळा लिटरचे पंप होतील साडेसदतीस. ३७ पंपांना ६ मिलीप्रमाणे २२२ मिली आणि शेवटच्या अर्ध्या पंपाला ३ मिली, मिळून २२५. दोन्ही बाजूंनी हिशेब सारखाच आला म्हणजे तो बरोबर.

साडेसदतीस पंप हा आकडा ऐकून सभासद हसतात. "साहेब, आम्ही तर एकराले दहा पंप मारतो." लेबलाप्रमाणे एकराला ४०० लिटर, म्हणजे २५ पंप पाणी पाहिजे. दहा पंपांतच काम उरकायचे असेल आणि पंपाला ६ मिलीच टाकले, तर एकरात औषध पडते ६० मिली. पाहिजे १५० मिली. निम्म्याहूनही कमी. मग काही जण शहाणपणा करून पंपाला १५ मिली टाकतात. एकराचे औषध बरोबर होते, पण द्रावण अडीचपट कडक होते आणि पाणी कमीच राहते. खोडकीड जमिनीलगत कोवळ्या फुटव्यात शिरते. तिच्यापर्यंत औषध न्यायचे तर बुडखा आणि त्याच्या भोवतीची माती भिजली पाहिजे. दहा पंपांत पाने ओली होतात, बुडखा कोरडाच राहतो. म्हणून औषध आणि पाणी ही दोन्ही मापे पाळावी लागतात.

पंप किती पाणी टाकतो, ते आधी तपासावे

वरचा सगळा हिशेब कागदावर बरोबर असला तरी शेतात तो गड्याच्या चालीवर अवलंबून असतो. कोणी भरभर चालतो, कोणी हळू. नोझल झिजले की जास्त पाणी सोडते. बॅटरी उतरली की कमी. म्हणून औषध टाकण्याआधी साध्या पाण्याने एक चाचणी घ्यावी. तिला दहा मिनिटे लागतात.

आपल्या उदाहरणात ६०० लिटर पाणी १०० सऱ्यांना आहे, म्हणजे ५० मीटरच्या एका सरीला ६ लिटर. पंपात १० लिटर साधे पाणी मोजून भरा. ज्या गड्याने फवारायचे त्यालाच, नेहमीच्या चालीने, एक सरी बुडख्यावर फवारायला सांगा. उरलेले पाणी मापाने मोजा. ४ लिटर उरले तर ६ लिटर पडले, चाल आणि नोझल ठीक आहे. ७ लिटर उरले तर सरीला ३ लिटरच पडले, म्हणजे लेबलाच्या निम्मे. अशा वेळी त्याच सरीच्या दुसऱ्या बाजूनेही परत यावे, म्हणजे ६ लिटर होतील आणि बुडखा दोन्हीकडून भिजेल. किंवा जास्त पाणी सोडणारे, जाड थेंबाचे फ्लड जेट नोझल लावून चाचणी पुन्हा घ्यावी. बारीक धुके करणारे नोझल या कामाचे नाही. त्याचे पाणी बुडख्यावर कमी आणि फवारणाऱ्याच्या अंगावर जास्त येते.

सरी लांब-आखूड असेल किंवा अंतर पाच फूट असेल तर सहा लिटर हा आकडा बदलेल. सरीची लांबी आणि दोन सऱ्यांतील अंतर मीटरमध्ये गुणावे. जे चौरस मीटर येतील त्यांना दहाने भागले की त्या सरीला लागणारे लिटर मिळतात. हेक्टरी १००० लिटर पाणी म्हणजे दर १० चौरस मीटरला १ लिटर, म्हणून हे साधते. दुसऱ्या औषधाच्या लेबलावर पाणी ५०० लिटर असेल तर दहाऐवजी वीसने भागावे.

अडतीस वेळा मोजण्यापेक्षा तीन वेळा

प्रत्येक पंपाला नळीने ६ मिली मोजायचे म्हटले तर या शेतात बाटलीचे झाकण अडतीस वेळा उघडावे लागेल. कडक औषध हातावर सांडण्याचा सर्वांत मोठा धोका मोजतानाच असतो. शिवाय विसाव्या पंपानंतर मोजण्यात ढिलाई येते. म्हणून आमचा सल्ला असा की धुऱ्यावर २०० लिटरचा एक ड्रम ठेवावा आणि द्रावण त्यात करावे.

२०० लिटर × ०.३७५ = ७५ मिली. तीन ड्रमांना २२५ मिली. पुन्हा तोच आकडा आला. (हे ७५ मिली आणि तक्त्यातील ७५ ग्रॅम यांचा एकमेकांशी संबंध नाही, योगायोगाने आकडा सारखा आला. ड्रम १०० लिटरचा असेल तर ३७.५ मिलीच लागेल.) दहा लिटरच्या वीस बादल्या ओतून ड्रमवर २०० ची रेघ मारून घ्यावी.

द्रावण करताना बाटली बंद असतानाच चांगली हलवावी. या प्रकारच्या औषधात बारीक कण द्रवात तरंगत असतात, ठेवल्याने ते तळाला बसतात. न हलवता ओतले तर पहिला ड्रम पातळ आणि शेवटचा कडक होईल. ड्रम स्वच्छ पाण्याने अर्धा भरावा. वेगळ्या ठेवलेल्या बादलीत दोन-तीन लिटर पाणी घेऊन त्यात ७५ मिली औषध मोजून ओतावे, काडीने ढवळावे, मग ते ड्रममध्ये ओतून रेघेपर्यंत पाणी भरावे. मापाचा पेला आणि बादली तीनदा खळबळून ते पाणी ड्रममध्येच टाकावे. प्रत्येक पंप भरण्याआधी लांब काठीने ड्रम तळापासून ढवळावा. हात घालून ढवळू नये. केलेले द्रावण त्याच दिवशी संपवावे, आणि ड्रमजवळ माणूस असल्याशिवाय तो उघडा ठेवू नये. तहानलेले जनावर आणि खेळणारे पोर यांना ते पाणीच दिसते.

ड्रमचा आणखी एक फायदा म्हणजे चूक लगेच कळते. एका ड्रममध्ये २० आर, म्हणजे आपल्या उदाहरणात साधारण ३३ सऱ्या झाल्या पाहिजेत. पहिला ड्रम २५ सऱ्यांतच संपला तर गडी हळू चालतो आहे किंवा नोझल झिजले आहे, आणि औषध शेताला पुरणार नाही. ४५ सऱ्या होऊनही शिल्लक असेल तर औषध कमी पडते आहे. पहिल्या ड्रमनंतर ही चूक दुरुस्त करता येते, सगळे शेत झाल्यावर नाही. म्हणून तेहेतिसाव्या सरीवर एक काठी रोवून ठेवावी.

यवतमाळच्या २०१७ सालच्या घटनेवरून

आता सुरक्षिततेविषयी. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो लोकांना दवाखान्यात ठेवावे लागले. शासनाने चौकशीसाठी विशेष पथक नेमले. त्या घटनेविषयी जे बाहेर आले ते उसाच्या शेतकऱ्यानेही नीट समजून घ्यावे. कपाशी त्या वर्षी माणसाच्या उंचीची दाट वाढली होती, त्यामुळे नोझल तोंडासमोर येत होते. दोन-तीन औषधे एकत्र करून मारली जात होती. अंगावर हातमोजे, मुखवटा नव्हता. दमट उकाड्यात घामाने भिजलेल्या कपड्यांवर औषध पडत होते आणि तेच कपडे घालून लोक दिवसच्या दिवस फवारत होते.

म्हणजे विष केवळ तोंडाने पोटात गेले असे नव्हे. पुष्कळसे कातडीवाटे आणि श्वासावाटे गेले. ऊस गुडघ्याएवढा आहे आणि आपण बुडख्यावर खाली फवारतो आहोत तोवर धोका पुष्कळ कमी असतो. पण शेंडेकिडीसाठी छातीएवढ्या उसात शिरून वर तोंड करून फवारले तर आपली गत कपाशीसारखीच होते. एवढ्या उंच उसात पाठीवरच्या पंपाने फवारणी करू नये. त्याआधीच्या अवस्थेतच काम उरकावे, आणि वेळ गेली असेल तर आमच्या कक्षाशी बोलून दुसरा उपाय ठरवावा.

लेबलावरील त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि सर्वांत सौम्य हिरवा. आपल्या उदाहरणातील औषधाचा त्रिकोण हिरवा आहे. हिरवा म्हणजे निर्धोक असा अर्थ नाही, कमी विषारी एवढाच आहे. लेबलावर नसलेले दुसरे औषध त्यात मिसळले की हिरव्याला हिरवा म्हणण्यात अर्थ उरत नाही. म्हणून एका पंपात एकच औषध.

पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पँट, डोक्याला टोपी, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, नाकातोंडावर मुखवटा आणि पायांत रबरी बूट हवेत. कापडी मोजे औषध शोषून हाताला चिकटवून ठेवतात, ते नकोत. पंप पाठीवर घेण्याआधी साध्या पाण्याने गळतो का ते पाहावे. झाकणाचे वायसर गेलेला पंप पाठ भिजवतो, आणि ओली पाठ दिवसभर औषध शोषत राहते. फवारणी सकाळी वारा शांत असताना करावी, वारा पाठीशी ठेवावा. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नये, पाण्याने व काडीने साफ करावे. आणि आपल्याकडची खास सवय म्हणजे खर्रा. तळहातावर घोटलेला किंवा पुडीतून बोटाने घेतलेला खर्रा म्हणजे हातावरचे औषध सरळ तोंडात. काम संपून साबणाने हातपाय धुतल्याशिवाय खर्रा, बिडी, पाणी काहीही नको. मालकाने हे स्वतः पाळले तरच गडी पाळतो.

कोणाला मळमळ, उलटी, चक्कर, लाळ, अति घाम, छातीत दाटणे, अंधुक दिसणे असे काही वाटले तर काम तेथेच थांबवावे. त्याला शेताबाहेर मोकळ्या हवेत आणावे, कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी किंवा जवळच्या दवाखान्यात न्यावे. दूध, तूप पाजू नये, घरी उलटी करवू नये. येथेच आपला मोबाईलमधला फोटो सर्वांत मोलाचा ठरतो. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव कळले की उपचाराची दिशा ठरते. काही औषधांवर उतारा आहे, काहींवर नाही. आपल्या उदाहरणातील औषधाला खास उतारा नाही, लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. म्हणून फवारणीच्या दिवशी लेबलाचे फोटो घरातील दुसऱ्या एखाद्या माणसाच्या मोबाईलवरही पाठवून ठेवावेत.

शेवटचा रकाना : २०८ दिवस

तक्त्यातील शेवटचा आकडा बहुतेक सभासद वाचत नाहीत. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत तितके दिवस जावे लागतात. समजा आपला ऊस १५ डिसेंबरला तोडीस येणार आहे. मागे २०८ दिवस मोजले तर २१ मे येते. त्यानंतर हे औषध त्या उसावर मारू नये. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या सुरू उसात एप्रिलमध्ये फवारणी झाली तर अडचण नाही. उशिरा फुटलेल्या आणि लवकर तोडायच्या खोडव्यात मात्र हा हिशेब आधी करावा. फवारणीची तारीख आणि औषधाचे नाव वहीत लिहावे व आमच्या ऊस सहायकास कळवावे, म्हणजे तोडणीचा कार्यक्रम लावताना ती तारीख लक्षात घेता येईल.

यातच जनावरांची गोष्ट येते. पोंगेमर झालेले फुटवे उपटून किंवा सरीतले गवत कापून गाई-म्हशींपुढे टाकण्याची आपली पद्धत आहे. फवारलेल्या शेतातले हे वैरण जनावरांना घालू नये. फुटवे उपटायचे ते फवारणीच्या आधी उपटावेत. तसेच उसात कोथिंबीर, मेथी असे आंतरपीक असेल तर लेबलावर त्या पिकाचे नाव नाही हे लक्षात घ्यावे. ती भाजी काढून झाल्यावरच औषध टाकावे.

रिकामी बाटली तीनदा खळबळून ते पाणी पंपात घ्यावे, मग बाटलीला भोक पाडून विहीर-नाल्यापासून दूर खोल पुरावी. रॉकेल किंवा तेल ठेवायला ती घरात आणू नये.

ज्या सभासदांना आपल्या बाटलीचा हिशेब करून हवा असेल त्यांनी वर सांगितलेले चार फोटो, उसाचे क्षेत्र आर मध्ये, सरीचे अंतर आणि पंप किती लिटरचा, एवढे गट ऊस सहायकाकडे किंवा सदर येथील कक्षात पाठवावे. येथे दिलेले आकडे वर सांगितलेल्या एकाच औषधाचे आहेत. दुसरी बाटली असेल तर पायऱ्या त्याच, आकडे मात्र त्या बाटलीवरचे घ्यावेत.

— ऊस विकास अधिकारी